दोन टक्क्यांची राखण

महाबळेश्वरच्या दुकानांत टांगलेली चिप्सची पाकिटं पायथ्याच्या वाईपेक्षा जास्त टम्म दिसतात. साधारण १,३५० मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो, म्हणून आतला वायू पसरतो आणि पाकीट ताणलं जातं. हे कारण कळलं, तरी त्या पाकिटात मुळात काय आणि कशासाठी कोंडलेलं असतं, हे डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात गेले.

बटाटे धुणं, सोलणं, चकत्या, तळण, मसाला हे सगळं भराभर उरकतं. तळून निघालेल्या चिप्समधलं पाणी जवळजवळ उडून गेलेलं असतं आणि वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तेलाचा झालेला असतो. तेल इतकं पातळ पसरलेलं असल्यामुळे त्याला हवा सगळीकडून लागते. पुढची सगळी धडपड या तेलासाठी.

तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंनी माझ्यासमोर एकाच दिवशी भरलेली दोन पाकिटं फोडली. दोन्ही तितकीच फुगलेली. एकात नायट्रोजन होता, दुसरं त्यांनी मुद्दाम साध्या हवेनं भरून काही आठवडे फळीवर ठेवलं होतं. दुसऱ्यातून जुन्या शेंगदाण्यांसारखा खवट वास आला. चिप्स मात्र दोन्हीकडे कुरकुरीत. तो वास अजूनही माझ्या नाकातून जात नाही, कारण फुगलेलं पाकीट म्हणजे ताजा माल, हा माझा समज त्यानं मोडला. पाकीट फुगलंय याचा अर्थ एवढाच, की ते गळत नाही. आत काय आहे, हे फुगवट्यावरून कळत नाही.

हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि तेलाला खवट करतो तोच. नायट्रोजन तेलाशी काही करत नाही. त्याचं काम फक्त ऑक्सिजनला बाहेर काढून त्याची जागा अडवण्याचं. यंत्रात रिळावरची फिल्म एका नळीभोवती गुंडाळली जाते, पाठीमागे उभी शिवण बसते. नळीतून वरून मोजलेले चिप्स पडतात आणि बारीक पाइपातून नायट्रोजन सुटत राहतो. तो हवेला वर ढकलतो, तोवर गरम जबडे मिटतात. एका पाकिटाचं तोंड आणि पुढच्याचा तळ एकाच दाबात बंद होतो.

“दोन टक्के,” ताई म्हणाल्या. त्यांच्याकडे आत उरलेला ऑक्सिजन दोन टक्क्यांच्या वर चालत नाही. पाकिटावर रबराचा छोटा तुकडा चिकटवून त्यातून त्या सुई टोचतात आणि यंत्रावर आकडा पाहतात. भरल्या भरल्या टोचलं तर आकडा खोटा दिलासा देतो, कारण तळताना चिप्सना पडलेल्या बारीक छिद्रांतली हवा हळूहळू बाहेर येते. म्हणून त्या काही पाकिटं बाजूला ठेवून उशिरा पुन्हा मोजतात. पुन्हा तेच, दोन टक्के.

पाकिटात चिप्सऐवजी हवा विकतात, ही तक्रार ताईंना ठाऊक आहे. छापलेलं वजन चिप्सचंच असतं, वायूचं त्यात धरत नाहीत. शिवाय तोच वायू वाहतुकीत चकत्यांचा चुरा होण्यापासून वाचवतो. तरी मोठं पाकीट पाहून माल जास्त आहे असं वाटतंच, आणि ते विकणाऱ्यालाही सोयीचं असतं. घेताना पाकिटाकडे नाही, ग्रॅमच्या आकड्याकडे पाहावं.

चिप्स सादळणं हे मात्र वेगळं दुखणं आहे. ते ऑक्सिजनचं नाही, बाष्पाचं काम. ते अडवते चंदेरी फिल्म. तीच प्रकाशालाही अडवते, कारण उजेडात तेल लवकर बिघडतं. पाकीट फोडलं की नायट्रोजन गेलाच. तोंड रबरबँडनं बांधून तो परत येत नाही. उरलेले चिप्स घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत ते सादळू नयेत म्हणून. खवट व्हायला त्यांना तेवढा वेळच मिळत नाही.

पण नायट्रोजन कितीही शुद्ध असला, तरी तो टिकतो शिवणीच्या भरवशावर. जबडे मिटताना चिप्सचा कण किंवा मसाल्याची भुकटी मध्ये सापडली, की केसाएवढी वाट राहते. डोळ्यांना ती दिसत नाही. पारदर्शक पेटीत पाण्याखाली पाकीट बुडवून ताई वरची हवा खेचतात. गळतं असेल तर शिवणीतून बुडबुड्यांची माळ निघते. मी तिथे असताना तशी माळ निघाली. ताईंनी यंत्र थांबवायला सांगितलं, जबड्यांवरचा जळका मसाला ब्रशनं काढायला लावला आणि मागची तपासणी ठीक निघाल्यानंतर भरलेली सगळी पाकिटं बाजूला काढली. सुपरवायझर घड्याळाकडे पाहत होता. ताईंनी एकेक खोका फोडून पाकिटं पुन्हा पाण्यात बुडवायला घेतली.