गार पाण्यातलं पहिलं मिनिट

मैत्रिणींनो, थंडीच्या दिवसांत आपण गंगापूर धरणावर बोटीत बसायला जातो. बोटीतून पडलेला माणूस गारठून मरतो, असा आपला समज असतो. पण गारठायला वेळ लागतो. बर्फासारख्या पाण्यातही अंगातली ऊब धोक्याइतकी उतरायला साधारण अर्धा तास जातो. आपल्याकडच्या पाण्यात त्याहून पुष्कळ जास्त. खरा धोका पहिल्या मिनिटात असतो.

अंगावर एकदम गार पाणी आलं की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. मग धाप लागते, छाती धडधडते. पाणी १५ अंशांखाली असेल तर हे फार जोरात होतं, पण २० अंशांनाही होऊ शकतं. पट्टीचा पोहणारासुद्धा यातच बुडतो.

म्हणून पडल्यावर लगेच हातपाय मारू नये. पाठीवर तरंगावं, तोंड वर ठेवावं, बोटीची कड सापडली तर धरावी. दोनेक मिनिटांत श्वास ताळ्यावर येतो. मग हाक मारावी. लाइफ जॅकेट या दोन मिनिटांसाठीच असतं. त्याचे पट्टे काठावरच आवळावेत, पदर आत खोचून. सैल जॅकेट पाण्यात वर सरकून डोक्यातून निघतं.

बाहेर काढलेल्या माणसाला आडवं निजवावं, ओले कपडे काढून घोंगडीत गुंडाळावं, हातपाय चोळू नयेत. तो बोलत असला तरी दवाखान्यात न्यावंच.