अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची त्वचा रोज तपासा

प्रतिनिधी, ठाणे

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील अनेक घरांत सकाळची लोकल गाठण्याच्या घाईत अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांचे अंग पुसून कपडे बदलले जातात. त्याच वेळी पाच मिनिटे त्वचा पाहिली, तर शय्याव्रण, म्हणजे बेडसोअर, सुरुवातीलाच लक्षात येते. हाड आणि गादी यांमध्ये दबलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा थांबल्याने ही जखम होते. घाम व ओल्या डायपरमुळे नरम पडलेली त्वचा आणखी लवकर फाटते. येथील दमट हवेत मेणकापड अंगाखाली थेट न घालता त्यावर सुती चादर असावी.

रोजची तपासणी

१. रुग्णाला कुशीवर वळवून माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची हाडे, डोक्याची मागची बाजू आणि कान पाहावेत. स्तनांखालच्या व जांघेतील घड्याही तपासाव्यात.

२. लाल डाग बोटाने तीन सेकंद दाबावा. बोट उचलल्यावर तो पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर रक्तप्रवाह सुरू आहे. तो लालच राहिला, तर ही शय्याव्रणाची पहिली पायरी होय.

३. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे काळसर वा जांभळट छटा पाहावी आणि तो भाग आजूबाजूपेक्षा गरम, गार, कडक किंवा लिबलिबीत लागतो का, हे हाताने तपासावे.

डाग दिसल्यास

समजा, सकाळी सात वाजता माकडहाडावर डाग दिसला. रुग्णाला कुशीकडे थोडे कलते करून पाठीशी उशी लावावी व अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. डाग गेला, तर कूस अधिक वेळा बदलावी. साधारण दर दोन तासांनी बदलण्याची पद्धत आहे. डाग तसाच राहिला, तर त्या बाजूवर भार देऊ नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तेथे चोळून मालिश केल्यास आतील ऊती आणखी दुखावतात. मधे भोक असलेली गोल उशीही टाळावी, कारण तिच्या कडेचा दाब आजूबाजूचा रक्तपुरवठा अडवतो. टाचांसाठी उशी पोटऱ्यांखाली ठेवावी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात.

छायाचित्र कसे काढावे?

खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, सुमारे एक फूट अंतरावरून आणि रोज त्याच कुशीवर छायाचित्र घ्यावे. शेजारी कागदी मोजपट्टी धरावी. नाणे नको, कारण एक रुपयाची नाणी वेगवेगळ्या आकारांची आहेत. कागदावर तारीख व शरीराचा भाग लिहावा. रुग्णाची परवानगी घ्यावी, चेहरा दिसू देऊ नये. ऊब, कडकपणा आणि दुर्गंधी छायाचित्रात येत नाही; ती वहीत नोंदवावी. दिवसपाळीच्या मावशींनाही ती वही दाखवावी.

फोड, सोललेली त्वचा, जांभळा-काळा डाग, पू, दुर्गंधी किंवा ताप आल्यास छायाचित्र पाठवून थांबू नये. डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवावे.