टॅगच्या मागे दडलेली नक्षी

“दादा, चाळीस साड्यांचे फोटो पाठवलेत. मागचं सगळं काढून पांढरं करा आणि लटकलेले टॅगही काढून टाका. उद्या संध्याकाळपर्यंत द्या.” ऑनलाइन विक्री सुरू केलेला कापड दुकानदार घरून काम करणाऱ्या फोटो एडिटरला साधारण असाच निरोप धाडतो. दुकानदाराला ही दोन्ही कामं सारखीच वाटतात. पण मागची भिंत काढताना जे दिसतं आहे ते कापून टाकायचं असतं, आणि टॅग काढताना जे दिसतच नाही ते भरायचं असतं. कॅमेऱ्याने टॅगखालचं कापड टिपलेलंच नाही, त्यामुळे तेवढा तुकडा एडिटरला नव्याने घडवावा लागतो.

हा तुकडा साडीच्या कुठल्या भागात आहे, यावर सगळं ठरतं. टॅग साध्या अंगावर असेल तर शेजारचं कापड उचलून तिथे बसवायला फार वेळ लागत नाही. फक्त टॅगची सावली आणि तो अडकवलेला बारीक प्लॅस्टिकचा दोरा मागे राहायला नको, एवढं पाहायचं. जॅकार्ड मागावरच्या काठावर टॅग असेल तरी मार्ग निघतो. तिथे तीच वेलबुट्टी ठरावीक अंतराने परत येते, म्हणून पुढच्या आवर्तनातला तेवढाच भाग घेऊन तंतोतंत जुळवता येतो. जुळवणी चुकली की काठाची रेघ एका जागी किंचित मोडते आणि जर एकदम सपाट दिसू लागते. फोटो दुप्पट मोठा करून काठावरून सावकाश नजर फिरवली की असा जोड सापडतो.

खरी अडचण पदरावर येते. हातमागावरच्या पैठणीच्या पदरातले मोर विणकर प्रत्येक रंगाचा धागा हाताने फिरवून विणतो, त्यामुळे शेजारशेजारचे दोन मोरही हुबेहूब एकसारखे नसतात. टॅगने एका मोराची मान झाकली असेल आणि एडिटरने दुसऱ्याची मान तिथे चिकटवली, तर साडीवर कुठेही नसलेली नक्षी फोटोत तयार होते. गिऱ्हाईक त्या फोटोवर भरवसा ठेवून पैसे मोजतं. म्हणून माझं ठाम मत आहे की पदरावरचा टॅग एडिटरकडून पुसून घेऊच नये. तो बाजूला सरकवून त्याच जागेचा, त्याच उजेडात दुसरा फोटो काढावा. दुकानात हे मिनिटभराचं काम आहे. एडिटर मग खरं कापड खऱ्या जागी बसवू शकतो.

एक टॅग मात्र विचार करून काढावा. सिल्क मार्कचं लेबल शुद्ध रेशमाची खूण म्हणून लावलेलं असतं. मुख्य फोटोतून ते काढलं तरी त्याचा जवळून घेतलेला वेगळा फोटो यादीत ठेवावा.

मागचं काढणंही वाटतं तितकं सरसकट होत नाही. घडीची सरळ कड पटकन कापता येते, पण पदराच्या गोंड्यांत वेळ जातो, कारण प्रत्येक धाग्यामधून मागची भिंत डोकावत असते. ऑर्गेंझा किंवा नेटची साडी असेल तर भिंतीचा रंग कापडातूनच आरपार आलेला असतो. हिरव्या भिंतीसमोर टिपलेली गुलाबी ऑर्गेंझा पांढऱ्यावर ठेवली की मळकट दिसते, आणि तो मळकटपणा काढताना साडीचा मूळ रंग बदलण्याचा धोका असतो. अशी साडी पांढऱ्या चादरीसमोरच टिपावी. उलट पांढरी साडी पांढऱ्यावर ठेवली तर तिची कड हरवते, म्हणून तिथे सौम्य सावली राखायला सांगावी.

हे सगळं लक्षात घेतलं तर निरोप असा लिहावा: “दादा, ४० फोटो मूळ आकारात ड्राइव्हवर टाकलेत. फाइलचं नाव म्हणजे साडीचा कोड, ते बदलू नका. पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, RGB 255,255,255. फोटो चौकोनी, JPG मध्ये. साडीचा रंग आणि जर जशी आहे तशीच ठेवा. ३१ फोटोंत टॅग अंगावर किंवा काठावर आहे, तो काढा. ९ फोटोंत पदरावर आहे. त्यांचे टॅग सरकवून काढलेले जोडफोटो त्याच कोडपुढे B लावून दिलेत. कोड १७ ऑर्गेंझा आहे. आधी तो आणि एक पदराचा, असे दोनच नमुने करून पाठवा. ते पाहून बाकीचे सांगतो.”

मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखे पाठवले तर ते दाबले जातात आणि जरीचे बारीक धागे एकमेकांत मिसळतात. म्हणून ड्राइव्ह, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवणं बरं.

नमुने आले की दुकानदाराने ती साडी गादीवर उलगडून दिवसाच्या उजेडात फोटोशेजारी धरावी. कडेला जुन्या भिंतीच्या रंगाची पुसट रेघ राहिली आहे का, गोंडे कात्रीने छाटल्यासारखे दिसतात का, आणि टॅग होता त्या जागी कापडाचा पोत आजूबाजूसारखाच आहे का, हे पाहावं. पैशाचं बोलणंही याच वेळी उरकावं. साध्या अंगावरचा टॅग आणि जोडफोटोवरून भरलेला पदर यांचा दर एकच ठेवला, तर घाईत नऊच्या नऊ पदरांवर शेजारचा मोर चिकटवला जाण्याची शक्यता वाढते.