एकशे सव्वीस ओळींचा अनुवाद

जर्मनीला नोकरीसाठी निघालेल्या माणसाच्या फायलीत आयटीआयचं प्रमाणपत्र असतं, अनुभवपत्रं असतात, जन्माचा दाखला असतो. हे कागद जर्मनमध्ये नेणं फारसं अवघड नाही, कारण तसेच कागद तिकडेही असतात. आम्हा अनुवादकांचा हात थबकतो तो पीएफच्या पासबुकावर. भविष्यनिर्वाह निधीसारखी गोष्ट तिकडच्या कामगाराला ठाऊकच नसते.

हे पासबुक मुळात लागतं कशाला? वयाची पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस जर्मनीत पहिल्यांदाच नोकरीला जात असेल, तर तिथल्या निवास कायद्याचं अठरावं कलम त्याच्यापुढे एक अट ठेवतं. एक तर त्याचा पगार ठरावीक मर्यादेइतका हवा, नाहीतर म्हातारपणाची पुरेशी तरतूद असल्याचा पुरावा हवा. २०२५ साली ही पगाराची मर्यादा वर्षाला ५३,१३० युरो होती. फिटर, वेल्डर, परिचारिका अशा कामांत सगळ्यांना एवढा पगार मिळत नाही. मग पीएफचा कागद पुढे येतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून हा प्रश्न आपल्याकडच्या अधिक घरांत पोचला आहे.

समजण्यासाठी भोसरीतला एक फिटर डोळ्यांपुढे आणू. वय ४७. आधीची वर्षं लहान वर्कशॉपमध्ये गेली, तिथे पीएफ नव्हता. ऑक्टोबर २०१४ मध्ये मोठ्या कारखान्यात लागला तेव्हा मूळ पगार १४,००० रुपये होता. मार्च २०२५ अखेर नोकरी सोडली तेव्हा तो २४,००० झाला होता. म्हणजे १२६ महिने, पासबुकात वर्गणीच्या १२६ ओळी.

शेवटच्या महिन्याची ओळ बघा. कामगाराचा वाटा २,८८०, मालकाचा वाटा १,६३०, पेन्शनची वर्गणी १,२५०. हे आकडे जसेच्या तसे जर्मन तक्त्यात उतरवले तर पहिला घोटाळा स्वल्पविरामाचाच होतो. जर्मनीत स्वल्पविराम दशांशचिन्हाचं काम करतो आणि हजार टिंबाने तोडतात. तिथल्या कारकुनाला १,२५० म्हणजे सव्वा रुपया वाटू शकतो. आपले लाखही तसेच. ४,७५,३२० असा आकडा त्याच्या दृष्टीने आकडाच नव्हे. तो हजाराच्या टिंबाने नव्याने मांडावा लागतो. मात्र रुपयांचे युरो करायचे नाहीत. दर रोज बदलतो आणि मूळ कागदावर युरो कुठेच नसतात.

दुसरा घोटाळा अर्थाचा. कामगाराने २,८८० भरले आणि मालकाने १,६३०च, म्हणजे मालकाने कमी भरले असं त्या ओळीवरून दिसतं. खरं तर दोघांनीही बारा टक्केच भरले आहेत. मालकाच्या २,८८० रुपयांतले १,२५० आधी पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले १,६३० निधीत येतात. पेन्शनसाठी पगाराचे ८.३३ टक्के घेतात, पण पगार १५,००० पर्यंतच धरतात. म्हणून पगार वाढत गेला तरी हा आकडा १,२५० वर येऊन थांबतो. अनुवादकाने तक्त्याखाली अशी तीन ओळींची टीप दिली नाही, तर वाचणारा त्याच्या समजुतीने अर्थ लावतो.

पेन्शनच्या रकान्याची आणखी एक गंमत नाही, गंभीर बाब आहे. पहिल्या दोन रकान्यांतले पैसे कामगाराच्या नावावर व्याजासह साठतात. तिसऱ्या रकान्यातले पैसे सामाईक पेन्शन निधीत जातात, त्यांची वैयक्तिक शिल्लक नसते. तिन्हींची बेरीज करून 'एकूण बचत' असं शीर्षक दिलेले अनुवाद मी पाहिले आहेत. ती बेरीज मूळ कागदात नसते. अनुवादातही नसावी.

आता महिन्यांकडे वळू, कारण माझ्या अनुभवात सर्वांत महाग चूक इथे होते. पासबुकाच्या पहिल्या ओळीत पगाराचा महिना ऑक्टोबर २०१४ असतो, पण तपशिलात `Cont. For Due-Month 112014` असं छापलेलं असतं. ऑक्टोबरच्या पगाराची वर्गणी नोव्हेंबरमध्ये भरायची असते, इतकाच त्याचा अर्थ. अनुवादकाने नोकरीचा काळ मोजायला हा देय महिना धरला, तर नोकरी नोव्हेंबरमध्ये सुरू होते आणि एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे ती सोडल्यानंतर, संपते. शेवट अनुभवपत्राशी जुळत नाही म्हणून कुणी तेवढाच मार्चला आणला, की दहा वर्षं सहा महिन्यांची नोकरी दहा वर्षं पाच महिन्यांची होते.

एका महिन्याने काय बिघडतं? पेन्शन योजनेत सहा महिने किंवा अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात आणि त्याहून कमी असला तर सोडून देतात. या फिटरची खरी सेवा म्हणून अकरा वर्षं धरली जाते. सूत्र साधं आहे. शेवटच्या साठ महिन्यांचा सरासरी पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. १५,००० गुणिले ११ भागिले ७०, म्हणजे महिना २,३५७ रुपये. सेवा दहा वर्षांची मोजली तर २,१४३. पीएफ कार्यालय अर्थातच आपल्या नोंदीवरून हिशोब करतं, अनुवादावरून नाही. पण परदेशी अधिकाऱ्याच्या हाती अनुवादच असतो, आणि त्यातली तारीख अनुभवपत्राशी जुळली नाही की संशय साऱ्या फायलीवर येतो.

अटींच्या भाषेत एक शब्द विशेष जपायचा. आपण सहज 'पेन्शन' म्हणतो. जर्मनमध्ये 'पेन्झिओन' आहे, पण ते सरकारी अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाला म्हणतात. कामगाराला मिळते ती 'रेंटे'. 'पेन्झिओन' लिहिलं तर हा माणूस सरकारी नोकर होता की काय, असा प्रश्न उभा राहतो. पात्रतेसाठी लागणाऱ्या किमान वर्षांना तिकडे 'वार्टेत्साइट' म्हणतात. शब्दशः 'थांबण्याचा काळ', पण अर्थ वर्गणी भरल्याचा काळ. आपल्याकडे तो दहा वर्षं आहे, तिकडे साध्या रेंटेसाठी पाच. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यामुळे पात्रता ठरवताना दोन्हीकडचा काळ एकत्र धरता येतो. पैसे मात्र एकत्र होत नाहीत. प्रत्येक देश आपल्याकडच्या काळापुरतंच देतो.

पासबुकात पेन्शनची रक्कम कुठेही लिहिलेली नसते, म्हणून मी ती तक्त्यात कधीच घालत नाही. ग्राहकाने आग्रह धरला तरी नाही. २,३५७ हा आपला हिशोब आहे, कागदावरचा मजकूर नाही. पेन्शन पूर्ण मिळते ती ५८व्या वर्षी. पन्नाशीनंतर लवकर घेतली तर प्रत्येक वर्षामागे चार टक्के कमी मिळते. सेवेची वर्षं अधिकृतपणे दाखवणारा कागद म्हणजे स्कीम सर्टिफिकेट. ते फॉर्म १०सी भरून मागावं लागतं. अनुवाद करायचाच असेल तर पासबुकासोबत त्याचाही करावा. महिना २,३५७ रुपयांची पेन्शन जर्मनीत म्हातारपणाला पुरेल असं कुणी म्हणणार नाही. निधीतली शिल्लक आणि घरची इतर बचत वेगवेगळी दाखवावी लागते, आणि तरीही निर्णय तिथल्या कार्यालयाचाच असतो. नेमक्या अनुवादाने कमी असलेली तरतूद वाढत नाही.

ज्यांची सेवा दहा वर्षांहून कमी आहे, त्यांनी जाण्याआधी पेन्शनचे पैसे काढायची घाई करू नये. ते पैसे काढले की तो सेवाकाळही संपतो, आणि पुढे दाखवायला काही उरत नाही.

अनुवादकाकडे येण्यापूर्वी पासबुकाच्या पोर्टलवर एकदा बघा: नोकरी सोडल्याची तारीख नोंदली आहे का, जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का, नावाचं स्पेलिंग तेच आहे का. मूळ नोंदीतली चूक आम्ही दुरुस्त करू शकत नाही. ती जशीच्या तशी उतरवावी लागते, खाली टीप देऊन. दुरुस्ती अनेकदा कारखान्याकडून किंवा पीएफ कार्यालयातून करून घ्यावी लागते, आणि तिला वेळ लागतो. तेव्हा व्हिसाची तारीख घेण्याआधी तिला लागा.