मधला भाग का रेंगाळतो?

दोन तासांच्या पटकथेत मधला अंक साधारण तासभराचा असतो आणि बहुतेक पटकथा तिथेच रेंगाळतात. दोष शोधायला प्रत्येक प्रसंग वेगळ्या कार्डावर लिहावा आणि प्रसंगाअखेर काय बदललं, तेही खाली नोंदवावं. दोन कार्डं ‘आणि मग’नेच जोडली जात असतील, तर कथा थांबलेली असते. जोड ‘म्हणून’ किंवा ‘पण’ने लागायला हवी.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) पाहा. आर्ची-परश्या हैदराबादला पोहोचल्यावर पाठलाग मागे पडतो. इथे कथा सहज ढेपाळली असती. पुन्हा गुंड आणले असते, तर आधीचाच धोका परत आला असता. त्याऐवजी धोका दोघांच्या नात्यात शिरतो. वाड्यात वाढलेल्या आर्चीला झोपडपट्टी सोसवत नाही. ती कामाला लागते, पण परश्याच्या मनात संशय येतो आणि तो तिच्यावर हात उगारतो. म्हणून ती घर सोडून निघते. तो जीव द्यायला निघतो, पण ती परतते.

आधी पणाला जीव होता, आता ज्यासाठी जीव धोक्यात घातला ते प्रेमच पणाला लागतं. शिवाय प्रत्येक कलाटणी पात्रांच्या स्वतःच्या कृतीतून येते. योगायोगाने आलेली कलाटणी क्षणभर दचकवते, पण पुढचा प्रसंग जन्माला घालत नाही. सलग तीन कार्डांवर ‘अडचण वाढली’ एवढंच लिहिलेलं दिसलं, तर तिन्हींचा एकच प्रसंग करावा आणि त्यात पात्राला माघारी फिरता येणार नाही असा निर्णय घ्यायला लावावा.