पावणेसहा लिटर पाणी जाणार कुठं?

युरोपात थंडीच्या दिवसांत घर उबदार ठेवायचं ते तळघरातल्या बॉयलरनं आणि खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरनी. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी पंपाच्या जोरावर रेडिएटरमधून फिरतं आणि उष्णता देऊन परत येतं. तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. पूर्वी माळ्यावर एक उघडी टाकी असायची, फुगलेलं पाणी तिच्यात चढायचं. आता हे चक्र पूर्ण बंद असतं, म्हणून त्या पाण्याची सोय वेगळी करावी लागते.

जर्मनीतलं एखादं दुमजली घर घेऊ. बॉयलर २४ किलोवॉटचा, चक्रात एकूण पाणी २०० लिटर. १० अंशांवर भरलेलं पाणी ८० अंशांपर्यंत तापलं, तर ते तीन टक्क्यांहून किंचित कमी फुगतं. म्हणजे सुमारे पावणेसहा लिटर जास्तीचं पाणी. पाणी दाबून लहान करता येत नाही, त्यामुळे जागा मिळाली नाही तर दाब झरझर चढतो. ही जागा देते एक्स्पान्शन टाकी. तिच्यात मधोमध रबरी पडदा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा किंवा नायट्रोजन. पाणी आत शिरलं की वायू दाबला जातो.

मग टाकी सहा लिटरची पुरेल? नाही. बारीकसारीक गळतीसाठी किमान ३ लिटर पाणी राखीव ठेवावं, असं ईएन १२८२८ हे युरोपीय मानक सांगतं. म्हणजे मागणी झाली ८.७ लिटर. शिवाय टाकी पूर्ण पाण्यानं भरता येत नाही, कारण वायूलाही जागा लागतेच.

किती, ते दाबावरून ठरतं. सगळ्यात वरचा रेडिएटर टाकीपासून ७ मीटर उंच असेल, तर तेवढ्या पाण्याच्या वजनाचे ०.७ बार होतात. त्यात ०.३ ची भर घालून वायू १ बारला भरतात. वरची मर्यादा सेफ्टी व्हॉल्व्ह ठरवतो. तो ३ बारला उघडतो, म्हणून रोजचा दाब त्याच्या अर्धा बार खाली, २.५ वरच थांबायला हवा. यात हवेचा स्वतःचा १ बार मिळवला की वायू २ वरून ३.५ बारपर्यंत दाबला जातो, म्हणजे मूळ जागेच्या ५७ टक्के होतो. पाण्याला उरतात ४३ टक्के. ८.७ ला ०.४३ ने भागलं की २०.२ लिटर येतात. बाजारात १८ आणि २५ लिटरच्या टाक्या मिळतात. इथे २५ चीच घ्यायची. मग गार असताना काटा १.३ च्या आसपास आणि गरम झाल्यावर २.१ च्या जवळ राहतो.

सेफ्टी व्हॉल्व्हचा हिशोब मात्र निराळा. तिथं पाणी किती हा प्रश्नच नसतो, बॉयलर किती ताकदीचा एवढंच बघतात. थर्मोस्टॅट बिघडला आणि बर्नर पेटताच राहिला, तर २४ किलोवॉटची सगळी उष्णता पाण्याची वाफ करू लागेल. ताशी साधारण ४० किलो वाफ. व्हॉल्व्हमधून ती सगळी बाहेर पडली पाहिजे. जर्मन पद्धतीत ५० किलोवॉटपर्यंत अर्ध्या इंचाचा व्हॉल्व्ह चालतो, त्यापुढे १०० पर्यंत पाऊण इंचाचा. बॉयलर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कॉक बसवायचा नाही, आणि बाहेर सोडणारा पाइप व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा एक साइज मोठा हवा.

हा व्हॉल्व्ह म्हणजे कुकरची शिट्टी नव्हे. तो झाकणावरच्या शिशाच्या बटणासारखा असतो, रोज उडायचा नसतो. तो दर संध्याकाळी ठिबकत असेल तर बहुतेकदा दोष टाकीचा असतो. वायू हळूहळू निघून जातो, पाण्याला जागा उरत नाही, काटा ३ वर जातो आणि व्हॉल्व्ह पाणी सोडतो. सकाळी घर गार झालं की काटा शून्याजवळ दिसतो. मग घरातलं कुणीतरी नळ उघडून नवं पाणी भरतं. नव्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आणि क्षार येतात, रेडिएटर आतून गंजतात.

तपासणी सोपी आहे. टाकीच्या बुडाशी गाडीच्या चाकाला असतो तसाच वॉल असतो. तो दाबल्यावर पाणी आलं, तर पडदा फाटला आहे, टाकी बदलावी लागेल. वायूचा दाब मोजताना आधी पाण्याची बाजू रिकामी करून तिथला दाब शून्यावर आणावा लागतो. भरल्या चक्रात गेज लावलं तर पाण्याचाच दाब वाचला जातो आणि रिकामी टाकीही ठणठणीत वाटते. वर्षातून एकदा हे काम सर्व्हिसवाल्याकडून करून घ्या, आणि ठिबकतो म्हणून व्हॉल्व्हचं तोंड कधीही बंद करू नका.