ओव्हनच्या बटणावरचा आकडा खरा किती?

दिवाळी जवळ आली की माळ्यावरचा ओटीजी ओव्हन खाली उतरतो. पीठ आणि तूप नेहमीचेच असते, तरी एकाच ट्रेमधली मागच्या कडेची नानकटाई काळपट होते आणि पुढची पांढुरकी राहते. दोष पाककृतीला दिला जातो. पण आधी तपासायला हवा तो ओव्हनच्या बटणावरचा आकडा, कारण आपण किती तापमान मागितले एवढेच तो सांगतो. आत किती आहे, हे सांगत नाही.

साध्या ओटीजीमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. ती तापली की वाकते आणि वीज तुटते. निवली की सरळ होऊन वीज पुन्हा जोडली जाते. त्यामुळे आतले तापमान स्थिर न राहता सतत वरखाली होत असते. त्यात ही पट्टी एका कोपऱ्यात बसवलेली असते आणि आपला ट्रे असतो मधोमध.

प्रश्न फक्त चवीचा नाही. पिठाचे किंवा बटाट्याचे पदार्थ १२० अंश सेल्सिअसच्या वर भाजले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड तयार होऊ लागते, हे २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. माणसात कर्करोगाला ते बहुधा कारणीभूत ठरू शकते, असे त्याचे वर्गीकरण आहे. एखाद्या करपलेल्या बिस्किटाने घाबरण्याचे कारण नाही, पण भाजणी सोनेरी रंगावर थांबवावी हे बरे. ओव्हन वीस-पंचवीस अंश जास्त तापत असेल तर ते थांबवणे हातात राहत नाही.

यावर उपाय म्हणजे ओव्हनमध्ये ठेवायचा तबकडीचा थर्मोमीटर. तापाचा थर्मोमीटर येथे चालत नाही. मधल्या जाळीवर मधोमध तो ठेवावा, बटण १८० वर न्यावे आणि वीस मिनिटे वाट पाहावी. दिवा पहिल्यांदा विझला म्हणजे ओव्हन तयार झाला असे नव्हे. भिंती अजून तापायच्या असतात. मग दर पाच मिनिटांनी काचेतून आकडा वाचावा. दार उघडले की गरम हवा बाहेर जाते आणि वाचन फसते. समजा सहा वाचने २१५, १९५, २१०, १९०, २१२ आणि १९६ अशी आली. सरासरी २०३ होते, म्हणजे हा ओव्हन २३ अंश पुढे आहे. पुढच्या वेळी बटण १५५ ते १६० च्या मध्ये ठेवून पुन्हा मोजावे. हा फरक सगळ्याच तापमानांना सारखा असतो असे नाही. म्हणून २२० वर काही भाजायचे असल्यास तेथेही एकदा पाहावे.

सरासरी जुळली तरी कोपरे उरतातच. जाळीभर पांढऱ्या ब्रेडचे काप पसरून दहा मिनिटे ठेवले की कुठला काप आधी तांबूस होतो यावरून जास्त गरम जागा दिसून येतात. त्या बहुधा मागच्या भिंतीजवळ आणि रॉडच्या लगत सापडतात. निम्मा वेळ झाल्यावर ट्रे फिरवून ठेवला की पुष्कळ फरक पडतो.

आता पाककृती अमेरिकेतली असेल तर आकडा फॅरनहाइटमध्ये येतो. ३५० मधून ३२ वजा केले की ३१८ उरतात. त्याला ५ ने गुणून ९ ने भागले की सुमारे १७७. बटण १८० वर ठेवले तरी चालते. हवामानासाठी अनेकजण ‘तीस वजा करून निम्मे’ असा हिशेब करतात. तिशीच्या उन्हाळ्याला तो ठीक, येथे मात्र १६० सांगतो आणि नानकटाई कच्ची राहते. आणखी एक चूक वारंवार होते. ‘पंखा चालू असल्यास २५ अंश फॅरनहाइट कमी करा’ असे लिहिलेले असते. हा तापमानांमधला फरक आहे, म्हणून यातून ३२ वजा करायचे नसतात; फक्त ५ ने गुणून ९ ने भागायचे. उत्तर येते सुमारे १४ अंश.

हा थर्मोमीटर हवा मोजतो, पदार्थ नव्हे. नानकटाईला एवढे पुरते, कोंबडीला नाही. तंगडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकता, टोचायच्या थर्मोमीटरने ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे १६५ फॅरनहाइट, दिसायला हवेत. बाहेरून काळी झालेली तंगडी आत साठीलाही पोहोचलेली नसू शकते, आणि मांसाचा किंवा रसाचा रंग पाहून ते ओळखता येत नाही. हा टोचायचा थर्मोमीटर खरा आहे का, हे उकळत्या पाण्यात बुडवून पाहता येते. मुंबईत तो १०० च्या आसपास दाखवेल, पुण्यात ९८. उंचीमुळे पाणी तेथे थोडे आधीच उकळते, तो थर्मोमीटरचा दोष नव्हे.